जांभळे काय, गुलाबी काय? एच अँड ई स्लाइड वाचताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान मुख्यतः सांगली-मिरज भागात डीएमएलटी करणाऱ्या आणि एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या मुलांसाठी आहे. बायोप्सीच्या रिपोर्टवर 'एच अँड ई' हे शब्द वाचून चक्रावलेले नातेवाईकही अधूनमधून तेच प्रश्न विचारतात, म्हणून त्यांचीही उत्तरे इथेच दिली आहेत. रिपोर्ट कसा लिहावा, हे मात्र इथे सांगितलेले नाही. काचेवर रंग का दिसतो आणि तो खरा की खोटा हे कसे ओळखायचे, एवढेच आहे.

एच अँड ई म्हणजे नेमके काय?

हिमॅटॉक्सिलिन आणि इओसिन हे दोन रंग. पहिला जांभळा-निळा, दुसरा गुलाबी. शरीरातून काढलेला तुकडा १० टक्के फॉर्मॅलिनमध्ये टिकवतात, मेणात बसवतात आणि मायक्रोटोमवर त्याचे तीन-चार मायक्रॉन जाडीचे काप घेतात. हा काप जवळजवळ पारदर्शक असतो. तसाच सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला तर फारसे काही कळत नाही. म्हणून आधी मेण काढून जांभळा रंग द्यायचा आणि त्यावर गुलाबी. मिरजेतली छोटी लॅब असो की मुंबईचे मोठे रुग्णालय, बायोप्सी पहिल्यांदा पाहिली जाते ती याच दोन रंगांत.

हिमॅटॉक्सिलिन येते कुठून? आणि त्यात तुरटी कशाला घालतात?

मेक्सिकोच्या कँपेचे भागात लॉगवुड नावाचे झाड वाढते, त्याच्या लाकडाच्या गाभ्यातून. युरोपात हे लाकूड आधी कापड रंगवायला जायचे, सूक्ष्मदर्शकापाशी ते बऱ्याच उशिरा आले.

गंमत अशी की हिमॅटॉक्सिलिन स्वतः रंग देतच नाही. त्याचे ऑक्सिडेशन होऊन हिमॅटिन तयार होते, तो खरा रंग. पूर्वी द्रावण महिनोन्महिने उन्हात ठेवून 'पिकवत'. आता सोडियम आयोडेट घालून ते काम लगेच उरकते. हॅरिसच्या मूळ कृतीत यासाठी मर्क्युरिक ऑक्साइड होता. पारा विषारी असल्याने बहुतेक ठिकाणी तो सोडून दिला आहे.

पण नुसते हिमॅटिनही केंद्रकाला नीट धरून राहत नाही. तिथे तुरटी लागते, म्हणजे पोटॅशियम-ॲल्युमिनियम सल्फेट. तिच्यातले ॲल्युमिनियम हिमॅटिनला जोडले जाते आणि त्या जोडीवर धन प्रभार येतो. इचलकरंजीकडे रंगाईच्या धंद्यात कुणी असेल तर त्याला हे वेगळे समजवावे लागत नाही. धाग्याला रंग धरावा म्हणून रंगबंधक घालतात, तेच काम तुरटी इथे करते.

मग हा जांभळा रंग चिकटतो कशाला?

ऋण प्रभाराला. केंद्रकात डीएनए असतो आणि त्याच्या कण्यावर फॉस्फेटचे गट ओळीने बसलेले असतात. प्रत्येकावर ऋण प्रभार. धन प्रभाराची ॲल्युमिनियम-हिमॅटिनची जोडी तिथे जाऊन बसते.

प्रथिनांवरही कार्बॉक्सिल गट असतात आणि तेही ऋण होऊ शकतात, मग सगळेच जांभळे का होत नाही? कारण द्रावण चांगलेच आम्लधर्मी असते, पीएच साधारण अडीचच्या आसपास. इतक्या आम्लात प्रथिनांचे कार्बॉक्सिल गट आपला प्रभार गमावतात, फॉस्फेट आणि सल्फेट मात्र टिकवून धरतात. म्हणून रंग निवडक ठिकाणीच बसतो. द्रावणात थोडे ॲसिटिक ॲसिड घातले की केंद्रके अधिक रेखीव दिसतात, त्यामागचे कारण हेच.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. 'धन-ऋण आकर्षण' हे स्पष्टीकरण परीक्षेला पुरते, पण ते पूर्ण नाही. नुसत्या आकर्षणाने चिकटलेला रंग पुढच्या अल्कोहोलमध्ये निघून गेला असता, आणि हा निघत नाही. ॲल्युमिनियम ऊतीशी आणखी घट्ट बंध करते. डीएनएला लगटून असलेल्या हिस्टोन प्रथिनांचा त्यात वाटा किती, यावर रंगरसायनाच्या जाणकारांचे अजून एकमत नाही.

आणि इओसिन?

त्याचा हिशेब बरोबर उलटा. इओसिनवर ऋण प्रभार असतो आणि तो प्रथिनांवरच्या धन प्रभाराच्या जागा शोधतो. लायसिन, आर्जिनिन, हिस्टिडिन या अमिनो आम्लांच्या बाजूच्या साखळ्या किंचित आम्लधर्मी द्रावणात धन असतात. इओसिन तिथे बसतो.

धन जागा जितक्या जास्त आणि प्रथिन जितके दाट, तितका गुलाबी गडद. म्हणूनच एकाच काचेवर गुलाबीच्या तीन-चार छटा मिळतात. कोलॅजन फिकट गुलाबी, स्नायू त्याहून गडद, आणि लाल रक्तपेशी हिमोग्लोबिनमुळे झगझगीत, नारिंगीकडे झुकणाऱ्या. इओसिनोफिल पेशींचे दाणे तर पेटल्यासारखे दिसतात, कारण त्यांतले मुख्य प्रथिन आर्जिनिनने गच्च भरलेले असते. चांगला तंत्रज्ञ ओळखायचा तो या छटांवरून. सगळे एकाच गुलाबीत बुडवलेले असेल तर स्लाइड रंगवली आहे, पण वाचण्याजोगी केलेली नाही.

म्हणजे केंद्रक जांभळे आणि पेशीद्रव गुलाबी, एवढे लक्षात ठेवले तर चालेल?

पहिल्या आठवड्यात चालेल. पुढे हेच वाक्य घात करते. रंग अवयवाचे नाव सांगत नाही, तिथे कोणते रेणू दाटीने आहेत ते सांगतो.

याला स्वादुपिंडाच्या स्लाइडइतके चांगले उदाहरण नाही. पाचकरस बनवणाऱ्या पेशींचा एक घोस ४० च्या लेन्सखाली आणा. प्रत्येक पेशी निमुळत्या पिरॅमिडसारखी, टोक मधल्या पोकळीकडे. तिचा तळ जांभळा आणि टोक गुलाबी दिसते. केंद्रक तळाशी आहे हे खरे, पण नीट पाहा, केंद्रकाच्या भोवतीचे पेशीद्रवही जांभळे आहे. तिथे रायबोसोम ठासून भरलेले असतात, रायबोसोम म्हणजे आरएनए आणि आरएनएवरही फॉस्फेटच. काप आधी आरएनए पचवणाऱ्या विकरात ठेवला तर तळाचा हा जांभळेपणा उतरतो. टोकाला मात्र तयार विकरांचे दाणे साठवलेले असतात, ते शुद्ध प्रथिन, म्हणून गुलाबी. एकाच पेशीत एका बाजूला कारखाना आणि दुसऱ्या बाजूला तयार माल, दोन रंगांत वेगळा दिसतो.

हेच एकदा पटले की बाकीचे अपवाद पाठ करावे लागत नाहीत. प्लाझ्मा पेशीचे पेशीद्रव जांभळट का? ती सतत प्रतिपिंडे बनवते, आरएनए भरपूर. कूर्चेत पेशींच्या बाहेरचा पसारा निळसर का? तिथल्या लांब शर्करा-साखळ्यांवर सल्फेटचे ऋण गट असतात. कॅल्शियम साचलेली जागाही गडद जांभळी दिसते, पण ती बहुधा चिरफळलेली, कडक काठांची असते.

बेसोफिलिक म्हणजे आम्लधर्मी की अल्कधर्मी? दर वेळी गोंधळ होतो.

बेसोफिलिक रचना स्वतः आम्लधर्मी असते, ती अल्कधर्मी रंग ओढून घेते. ॲसिडोफिलिक किंवा इओसिनोफिलिक याच्या उलट. तोंडी परीक्षेत अडकायला होत असेल तर डीएनए आठवा: नावातच आम्ल आहे आणि रंगतो तो जांभळा.

मधेमधे पांढरी भोके दिसतात ती काय?

बहुतेक वेळा चरबी. मेणात बसवण्याआधी तुकडा अल्कोहोल आणि झायलीनमधून जातो, त्यात चरबी विरघळून निघून जाते. मागे राहते ती रिकामी, गोल, गुळगुळीत काठाची जागा. चरबी रंगवूनच पाहायची असेल तर तुकडा मेणात न बसवता गोठवून काप घ्यावे लागतात. काप फाटून पडलेल्या भेगा लांबट आणि वेड्यावाकड्या असतात, त्यांच्याशी गल्लत करू नका.

स्लाइड हातात आली की सुरुवात कुठून करायची?

डोळ्यांनी. सूक्ष्मदर्शक नंतर. काच पांढऱ्या कागदावर धरा आणि जांभळे किती, गुलाबी किती, ते पाहा. पूर्ण उदाहरणच घेऊ.

समजा, तासगावकडच्या एका तरुणाच्या मानेतली गाठ काढून आली आहे. मानेत गाठ, संध्याकाळी बारीक ताप, वजन उतरलेले. लिम्फ नोड नुसत्या डोळ्यांना सर्वसाधारणपणे जांभळीच दिसायला हवी, कारण ती लिम्फोसाइट पेशींनी गच्च भरलेली असते आणि लिम्फोसाइट म्हणजे जवळपास सगळे केंद्रकच, भोवती पेशीद्रवाची नुसती कड. पण या काचेवर जांभळ्यात दोन-तीन मोठे गुलाबी डाग आहेत. प्रश्न एवढाच: हे गुलाबी कशाचे?

४ च्या लेन्सखाली सर्वात मोठा डाग घ्या. गुलाबी तीन कारणांनी असू शकते. रक्तस्राव असेल तर सुट्या, गोल, नारिंगी-गुलाबी चकत्या दिसतील. तंतुमय ऊती असेल तर लाटांसारखे धागे आणि त्यांत दोऱ्यासारखी बारीक केंद्रके. इथे दोन्ही नाही. मधला भाग दाणेदार आणि आकारहीन आहे, पेशींच्या सीमाच राहिलेल्या नाहीत.

आता १० च्या लेन्सने डागाच्या काठाकडे या. आतून बाहेर जाताना रंग पायरीपायरीने बदलतो. मधले आकारहीन गुलाबी. त्याच्या काठाला जांभळी धूळ, म्हणजे फुटलेल्या केंद्रकांचे कण. मग फिकट गुलाबी पेशींचा पट्टा, त्यांची केंद्रके लांबट, चपलेच्या तळव्यासारखी, आणि एका पेशीची कड दुसरीत मिसळलेली: या एपिथेलिऑइड पेशी. त्यांच्यात एखादी अवाढव्य पेशी, जिची केंद्रके कडेने नालेच्या आकारात मांडलेली, ती लँगहान्स पेशी. सर्वात बाहेर पुन्हा गडद जांभळी लिम्फोसाइटची कड. हा ग्रॅन्युलोमा, आणि मधला गुलाबी भाग म्हणजे केसिएशन.

मधला भाग गुलाबी का झाला, हे दोन रंगांच्या भाषेत सांगता आले तर स्लाइड वाचता आली असे समजा. पेशी मेल्या, त्यांचा डीएनए आणि आरएनए विघटन होऊन गेला. जांभळ्या रंगाला बसायला जागाच उरली नाही. उलट प्रथिनांच्या घड्या उलगडल्या, आत दडलेले धन गट उघडे पडले आणि इओसिनला जास्त जागा मिळाल्या. दोन्ही गोष्टी एकाच वेळी घडतात, म्हणून मेलेला भाग जिवंत पेशीद्रवापेक्षाही गुलाबी दिसतो.

म्हणजे टीबी नक्की झाला?

नाही. चित्र टीबीशी जुळते, एवढेच म्हणता येते. काही बुरशींमध्येही जवळपास असेच दिसते. टीबीचे जंतू या दोन रंगांत दिसत नाहीत. त्यांच्या भिंतीतल्या मेणासारख्या स्निग्ध पदार्थांमुळे त्यांना झील-नीलसेनची गरम, तीव्र रंगप्रक्रिया लागते. तीत एकही जंतू सापडला नाही म्हणून टीबी नाही असेही म्हणता येत नाही, कारण ऊतीत ते फारच थोडे असू शकतात.

म्हणून शस्त्रक्रियेच्या वेळीच गाठीचा एक तुकडा फॉर्मॅलिनमध्ये आणि दुसरा निर्जंतुक सलाइनमध्ये पाठवायचा असतो. सलाइनमधल्या तुकड्यावर कल्चर, म्हणजे जंतू वाढवून पाहणे, आणि टीबीची सीबीनॅट तपासणी होते. फॉर्मॅलिन जंतूंना मारते, त्यातल्या तुकड्यावर कल्चर होणार नाही. सगळी गाठ फॉर्मॅलिनच्या बाटलीत टाकून आणली जाते, हे आमच्याकडे वारंवार दिसते, आणि मग कितीही सुंदर स्लाइड बनवली तरी तो प्रश्न तसाच राहतो. नातेवाईकांनी शस्त्रक्रियेच्या आधीच सर्जनना हे विचारायला काही हरकत नाही.

सगळी स्लाइडच गुलाबी दिसते. भाग मेलेला आहे की रंगवताना चूक झाली?

या पानावरचा सर्वात कामाचा प्रश्न हाच. उत्तरासाठी दुसरी स्लाइड लागत नाही, त्याच काचेवर साक्षीदार असतात. जांभळ्याचा साक्षीदार लिम्फोसाइट, गुलाबीचा साक्षीदार लाल रक्तपेशी.

रक्तवाहिनीजवळ कुठेतरी दोन-चार लिम्फोसाइट मिळतातच. त्यांची केंद्रके गडद आणि रेखीव असतील, आणि फक्त शंकेच्या भागातच केंद्रके नसतील, तर तो भाग खरोखर मेलेला आहे. पण लिम्फोसाइटही फिके, धुरकट असतील तर दोष रंगवण्यात आहे. मग क्रमाने पाहायचे. हिमॅटॉक्सिलिन जुने होऊन संपत आले का? आम्लयुक्त अल्कोहोलमध्ये जास्त बुडवले का? हॅरिसच्या पद्धतीत आधी मुद्दाम जास्त रंगवून १ टक्का हायड्रोक्लोरिक ॲसिडच्या अल्कोहोलमध्ये जादा रंग काढतात. तिथे दोन-तीन बुचकळ्या पुरतात, हात रेंगाळला की केंद्रकातलाही रंग जातो. आणि तुकडा हाडाचा असेल तर तो मऊ करायला आम्लात किती दिवस होता ते विचारा. जास्त दिवस झाले तर डीएनए आधीच खराब झालेला असतो, मग पुन्हा रंगवूनही फायदा नाही.

उलटही तपासता येते. केंद्रके उत्तम आहेत, पण लाल रक्तपेशी फिकट आहेत, तर इओसिन पाहा.

केंद्रके जांभळी न होता लालसर-तपकिरी का राहतात?

ब्लूइंग अपुरे झाले. सांगलीत हळदीचा डाग साबण लागताच लाल होतो हे सगळ्यांनी पाहिले आहे, तसाच हाही रंग आम्लात एक आणि अल्कात दुसरा दिसतो. हिमॅटॉक्सिलिनच्या आम्लधर्मी द्रावणातून निघालेले केंद्रक लालसर असते. थोड्या अल्कधर्मी पाण्यात ते निळे-जांभळे होते आणि रंग तिथे पक्काही होतो.

नळाच्या पाण्यात बायकार्बोनेट असेल तर पाच-दहा मिनिटे वाहत्या पाण्याखाली हे काम आपोआप होते. बोअरच्या जड पाण्यात तर लवकरच. पण लॅबमध्ये आरओ बसवला आणि धुण्यालाही तेच पाणी वापरायला लागलात, तर क्षार गेलेले असतात आणि केंद्रके लालसर राहू लागतात. मशीनला दोष देण्याआधी पाणी बदलून पाहा. खात्रीचा उपाय म्हणजे स्कॉटचे द्रावण: एक लिटर पाण्यात २ ग्रॅम सोडियम बायकार्बोनेट आणि २० ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट. अमोनियाचे पाणीही चालते, पण त्यात काप काचेवरून सुटण्याची भीती असते.

ब्लूइंग चांगले झाले, पण आता गुलाबीच चढत नाही.

मग बहुधा ब्लूइंगचे पाणी इओसिनमध्ये गेले आहे. अल्क आले की प्रथिनांचे धन गट प्रभार गमावतात आणि इओसिनला बसायला जागा राहत नाही. दिवसाची पहिली रॅक छान आणि दुपारची फिकट, असे होत असेल तर हेच कारण धरा. ब्लूइंगनंतर काचा साध्या पाण्यात नीट धुवा. इओसिनचा पीएच पाचच्या आसपास हवा, १०० मिलिलिटरला अर्धा मिलिलिटर ॲसिटिक ॲसिड घातले की बहुतेक वेळा जमते. जास्त ओतू नका, पीएच चारच्या खाली गेला तर इओसिन स्वतःच साक्यासारखा तळाशी बसतो.

दुसरे कारण इओसिननंतरचे अल्कोहोल. त्यात पाणी असेल तितका इओसिन उतरतो. गुलाबीच्या छटा वेगळ्या करायला हे थोडे हवेच असते, पण ७० टक्क्यांत काचा विसरलात तर गुलाबी गेलेच.

काळे, तपकिरी ठिपके कोणत्या रंगाचे?

दोन्हीपैकी कोणत्याच नाही. मेलॅनिन, लोहाचे साठे, फुफ्फुसातली काजळी यांना स्वतःचाच रंग असतो. निळे-काळे कण ऊतीपेक्षा वरच्या पातळीवर फोकस होत असतील तर ती हिमॅटॉक्सिलिनवरची साय आहे. सकाळी द्रावण गाळून घेतले की जाते. रक्ताळलेल्या भागात तपकिरी-काळी भुकटी दिसली तर फॉर्मॅलिन आम्लधर्मी झाले होते. बफर घातलेले वापरा.

दुसऱ्या मतासाठी मुंबईला जायचे आहे. रंगवलेल्या स्लाइड पुरतात का?

स्लाइड न्याच, पण मेणाचा ब्लॉकही मागून घ्या. रंगवलेल्या काचेवर पुढच्या सगळ्या तपासण्या होत नाहीत. ब्लॉक असला की तिथे नवे काप घेऊन हवे ते रंग देता येतात. ब्लॉक उन्हात किंवा गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका, मेण मऊ पडते. स्लाइड नुकतीच बनलेली असेल तर कव्हर काच चिकटवणारे डीपीएक्स वाळायला किमान एक दिवस आडवी ठेवा, नाहीतर कव्हर काच सरकते. उन्हात इओसिन उडतो, त्यामुळे काचा बंद डबीतच ठेवा. रिपोर्टची प्रत आणि त्यावरचा बायोप्सी क्रमांक ब्लॉकवरच्या क्रमांकाशी जुळतो का, हे लॅबच्या खिडकीपाशीच तपासून घ्या.